मदत हवी आहे: स्पायडर-व्हर्समधला जंगलाचा प्रसंग फ्रेमनिशी मोजतेय, २-३-२-३ हा ताल कुठून येतो?

रेघोट्या
'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) मधला जंगलातला प्रसंग उतरवून काढतेय. पीटर माइल्सला जाळ्यावर झोके घ्यायला शिकवतो, तो. प्रत्येक पोज किती फ्रेम टिकते, झोक्याच्या कुठल्या टप्प्यावर टिकते आणि त्या वेळी कॅमेरा काय करतो, हे शीटवर लिहायचंय. नंतर तोच झोका ब्लेंडरमध्ये साध्या रिगवर करून बघणार आहे.

ऑनलाइन असलेली अधिकृत क्लिप स्क्रीनवरून ३० फ्रेमने रेकॉर्ड केली. त्यात माइल्सची पोज २ फ्रेम, मग ३, मग २, मग ३ अशी टिकते. पीटरची १-१-१-२. आधी वाटलं, मुद्दाम लंगडा ताल ठेवलाय, कारण माइल्स नवशिका आहे. पण मैत्रिणीने तीच क्लिप ६० फ्रेमने रेकॉर्ड केली, तर तिच्याकडे २-३-२-३ पीटरचं आलं आणि माइल्सचं सरळ ५-५-५. म्हणजे माझा माइल्स तो तिचा पीटर! नक्की कोण चुकतंय?

चिंचेचा_कोळ
हा चित्रपट आख्खा टूजवर आहे, म्हणजे सेकंदाला १२ पोज. पीटरबिटर सगळे. तुमच्या फाइलमध्ये डबल झालेल्या फ्रेम घुसल्यात, बाकी काही नाही. `mpdecimate` लावा, सारख्या फ्रेम गळून पडतात. जे उरेल ते खरं.

उलटा_कंदील
कोणीच चुकत नाहीये. दोघींनी बरोबर मोजलंय, फक्त वेगवेगळ्या पट्टीने. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. ३० च्या रेकॉर्डिंगमध्ये दर चार फ्रेममागे एक जास्तीची भरावी लागते. माइल्सची एक पोज मूळ दोन फ्रेम टिकते, म्हणजे चार फ्रेममध्ये त्याच्या दोन पोज बसतात. भरलेली फ्रेम त्यातल्या एकीच्याच वाट्याला येते:

```
मूळ २४ :  क क ख ख    | ग ग घ घ
३० ला   :  क क ख ख ख | ग ग घ घ घ
```

हा झाला तुमचा २-३. पीटर या प्रसंगात वन्सवर आहे, दर फ्रेमला नवी पोज. त्याच्या चार पोजपैकी एकच दुप्पट होते, म्हणून १-१-१-२. आता ६० ला मूळ फ्रेम अडीच पट होते. अर्धी फ्रेम दाखवता येत नाही, म्हणून एक दोनदा आणि पुढची तीनदा. त्यामुळे वन्सवरचा पीटर २-३ दिसतो, आणि टूजवरच्या माइल्सला २ अधिक ३ मिळून दर वेळी ५ येतात. नुसत्या २-३ वरून काहीच ठरत नाही. आधी फाइलचा वेग बघायचा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=avg_frame_rate -of default=nw=1 clip.mp4
```

`24000/1001` आलं तर मोजणी थेट चालेल. `30` किंवा `60` च्या आसपास आलं तर वरचा हिशोब लावा.

चिंचेचा कोळ, आख्खा चित्रपट टूजवर नाही. माइल्स अडखळतो आणि पीटर सराईत आहे, हे एकाच चौकटीत टूज आणि वन्स शेजारी ठेवून दाखवलंय. म्हणून तर हा प्रसंग अभ्यासाला घ्यायचा. `mpdecimate` बद्दल अर्धं बरोबर. त्याने पोज मोकळ्या होतात, पण पोज किती टिकली तेच पुसलं जातं, आणि यांना नेमकं तेच मोजायचंय. शिवाय कॅमेरा हलत असला तर पोज तीच असूनही चित्र दर मूळ फ्रेमला वेगळं असतं. तिथे तो भरलेली फ्रेम तेवढी गाळेल, टिकलेली पोज नाही.

रेघोट्या
हुश्श. मग ३० वरून परत २४ वर आणता येईल का?

उलटा_कंदील
येईल, दर पाचातली एक काढून:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf decimate=cycle=5 f_%04d.png
```

हा फिल्टर पाच फ्रेममधली मागच्या फ्रेमशी सगळ्यात जास्त जुळणारी एक फेकतो. कॅमेरा फिरत असेल तर भरलेली फ्रेम बरोबर सापडते, कारण बाकी सगळ्यांत झाडं थोडी तरी सरकलेली असतात. कॅमेरा स्थिर असेल तिथे गडबड. `क क ख ख ख` मधला दुसरा क आणि दुसरा-तिसरा ख हे तिन्ही आपल्या मागच्याची नक्कल असतात. रेकॉर्डिंगचा बारीक खरखराट ज्याच्यात कमी, तो उडतो. क उडाला तर हाती `क ख ख ख` येतं. शीटवर मधेच १-३ अशी जोडी दिसली तर ती अॅनिमेटरची करामत समजू नका, फिल्टरने चुकीचा क उचललाय. तिथे क चा एक वाढवा, ख चा एक कमी करा.

खरं तर रेकॉर्डिंगच नको. ब्राउझरमध्ये व्हिडिओ थांबवून `.` आणि `,` दाबलं की यूट्यूब एकेक फ्रेम पुढे-मागे जातं. डिस्कवरची फाइल असेल तर एमपीव्हीमध्येही हीच बटणं. व्हीएलसीमध्ये `E` ने पुढेच जाता येतं, मागे नाही, आणि या कामात मागे जाणं जास्त लागतं.

पाटीपेन्सिल
माझं पण असंच होतं. मी बडबडगीतांचे टूडी व्हिडिओ करतो, २५ फ्रेमवर. टूजवर ओठ हलवले की सेकंदाच्या शेवटी एक फ्रेम उरते. तुम्हीही ती एक फ्रेम वरून टाकताय का?

उलटा_कंदील
तुमचा प्रश्न वेगळा आहे. २५ ला दोनने भाग जात नाही एवढंच, आणि पोज सेकंदाच्या रेघेवर संपलीच पाहिजे असा काही नियम नाही. ओठ आवाजाच्या फ्रेमला जुळवा, सेकंदाला नाही. पण तुमच्या २५ वरून आठवलं: रेघोट्या, टीव्हीवरून पकडलेली क्लिप घेऊ नका. आपल्याकडचं पारंपरिक प्रसारण २५ चं. तिथे २४ चा चित्रपट बहुधा नुसता ४ टक्के जोरात पळवतात. फ्रेम तेवढ्याच राहतात, ताल सरळ दिसतो, पण सेकंदात मोजलेली वेळ कमी भरते.

रेघोट्या
यूट्यूबवरच `.` दाबून मोजलं. माइल्स २-२-२, पीटर १-१-१. आता पुढची अडचण. कॅमेरा दोघांबरोबर पळतोय, त्यामुळे काही ठिकाणी माइल्ससुद्धा दर फ्रेमला सरकलेला दिसतो. मग ते वन्स म्हणायचं का?

उलटा_कंदील
चौकटीच्या कडेपासून मोजलंत तर कॅमेऱ्याची हालचाल माइल्सच्या खात्यात जाते. शरीरावरचे दोन बिंदू धरा, हनुवटी आणि गुडघा. त्यांच्यातलं अंतर दर दोन फ्रेमनेच बदलत असेल तर पोज टूजवर. कॅमेरा त्याच्याभोवती वळत असेल तर हे अंतरही फसवतं, तेव्हा बोटं बघा. दोन फ्रेम बोटांची घडी तशीच राहिली तर पोज तीच, फक्त आपण बघतोय ती बाजू बदलली. कॅमेऱ्यासाठी वेगळा रकाना करा आणि त्यात मागच्या एका खोडाची जागा लिहा. खोड दर फ्रेमला हललं तर कॅमेरा वन्सवर.

मग कमरेचा बिंदू. पातळ थरावर दर नव्या पोजला कमरेवर एक ठिपका द्या. झोक्याच्या दोन्ही टोकांना ठिपके दाटतील, तळाशी विरळ होतील. ठिपक्यांची दिशा जिथे उलटते ती टोकाची पोज. दोन सेकंदांच्या तुकड्यात टूजवर जास्तीत जास्त २४ पोज येतात, त्यातल्या पाच-सहा टोकाच्या आणि तळाच्या नीट रेखाटल्यात तरी झोका हाती येतो. ठिपके झाडाच्या संदर्भाने द्यायचे, आणि झाड माइल्सइतक्याच अंतरावरचं घ्या. जवळचं खोड सपकन जातं, लांबचं जवळजवळ जागेवरच असतं. चुकीचं धरलंत तर कंस वाकडा येतो आणि दोष अॅनिमेटरला जातो.

चिंचेचा_कोळ
ठीक, पीटरबद्दल माघार. पण वेगाच्या जागी सगळं धुरकट होतं, तिथे बिंदू कुठे शोधणार?

उलटा_कंदील
या चित्रपटात कॅमेऱ्याचा धूसरपणा जवळजवळ वापरलेलाच नाही. वेग दाखवायला ताणलेले आकार, जास्तीचे हातपाय आणि रेघा आहेत, आणि त्यांच्या कडा स्वच्छ असतात. दोन अर्धपारदर्शक माइल्स एकमेकांवर दिसले तर रेकॉर्डरने किंवा प्लेअरने दोन फ्रेम मिसळल्यात, ती फ्रेम बाद. एक अपवाद. मागची झाडं लाल-निळी सरकलेली दिसतील, जुन्या कॉमिकच्या छपाईत रंग हलायचे तशी. ते मुद्दाम आहे, अंतरावरचं अंधुक करायच्या ऐवजी. ते बाद करू नका.

मेणाचा_गोळा
ब्लेंडरमध्ये एवढं कशाला? वळणदार कर्व्हवर Stepped Interpolation मॉडिफायर लावा, Step Size २. झालं टूज.

उलटा_कंदील
टूज होईल, हा झोका होणार नाही. मॉडिफायर गुळगुळीत कर्व्हमधून दर दुसरा नमुना उचलतो. Offset १ ठेवला तर तो १, ३, ५ अशा विषम फ्रेमवरच थांबतो. झोक्याचं टोक १२ वर असेल तर ११ ची पोज दोन फ्रेम दिसते, मग थेट १३ ची. टोक दिसतच नाही, झोका छाटल्यासारखा लागतो. Offset शून्य केला की सम फ्रेमवरची टोकं वाचतात, विषम जातात. म्हणून टोकाच्या पोज आधी हाताने त्या रांगेत बसवा, किंवा मॉडिफायर सोडून Constant इंटरपोलेशनवर एकेक पोज ठेवा.

मेणाचा_गोळा
किंवा टोकंच विषम फ्रेमवर सरकवा. एका फ्रेमने कुणाला कळतंय.

रेघोट्या
Constant वर सुरू केलं. एका जागी अजून अडलंय. बोटं, गुडघे सगळं दोन फ्रेम तसंच आहे, पण माइल्स त्याच्याच अंतरावरच्या खोडाच्या मानाने दर फ्रेमला थोडा पुढे जातो. पोज टूजवर आणि प्रवास वन्सवर?

उलटा_कंदील
तसं करतात. पात्र टूजवर आणि कॅमेरा वन्सवर असला की पात्र चौकटीत मागे-पुढे थडथडतं. कॅमेरा दोन पावलं जातो आणि पात्र एकदाच उडी घेतं. ते टाळायला पोज धरून ठेवायची आणि आख्खं शरीर मात्र दर फ्रेमला सरकवायचं. शीटवर 'पोज' आणि 'जागा' असे दोन रकाने करा. पण खोड खरंच त्याच अंतरावर आहे ना? दुसरं एखादं धरूनही तपासा.

चिंचेचा_कोळ
बघणाऱ्याला जर दर फ्रेमला हालचाल दिसतेय, तर मी त्याला वन्सच म्हणेन. पोज धरली का नाही, हे कोण बघतं?

रेघोट्या
दुसरं खोडही घेतलं. एकाच्या मानाने सरकतोय, दुसऱ्याच्या मानाने जागेवर. दोन्हीपैकी त्याच्या अंतरावरचं कुठलं तेच कळत नाहीये. रात्री त्या आठ फ्रेम इथे टाकते.