मदत हवी आहे: हिंदी मॅन्युअलसाठी पाच अनुवादकांचा एकच शब्दसंग्रह कसा ठेवावा?

तळटीप_पुणे
हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं साधारण ४०० पानी मॅन्युअल इंग्रजीतून हिंदीत चाललंय. आम्ही पाच जण आहोत, त्यातले तिघे मराठी मातृभाषेचे. काम ओमेगाटीत, गिटवरच्या सामायिक प्रकल्पात. शब्दांची गूगल शीट आहे, पण ती कोणी उघडत नाही. 'अकाउंट'ला एका प्रकरणात खाता, दुसऱ्यात लेखा, तिसऱ्यात अकाउंट असं झालंय. शब्द कुठून घ्यायचे, फाइल कशी मांडायची आणि झालेली प्रकरणं कशी दुरुस्त करायची?

अर्धविराम
वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाच्या कोशातून घ्या, वाद मिटतो. झालेल्या प्रकरणांत 'सगळीकडे बदला' मारा, दहा मिनिटांचं काम.

कोकणी_माणूस
भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही बघा. 'जतन करा' वगैरे छान रुळलंय आता.

तळटीप_पुणे
@कोकणी_माणूस, मॅन्युअल हिंदीत आहे हो. तिथे 'सहेजें' लागतं.

शब्दशिल्पी
आयोगाचा कोश संकल्पनांसाठी चांगला, बटणांसाठी नाही. मॅन्युअलमध्ये 'सहेजें' दाबा लिहिलं तर पडद्यावर तेच दिसायला हवं. म्हणून आधी सॉफ्टवेअरच्या हिंदी इंटरफेसची भाषांतर-फाइल मागवा. मेन्यू, बटणं, खिडक्यांची नावं जशीच्या तशी तिथून. इंटरफेसमध्ये चूक दिसली तर ती सॉफ्टवेअरवाल्यांना कळवा, मॅन्युअलमध्ये परस्पर सुधारू नका. उरलेल्या संकल्पनांसाठी आयोग बघा, तोही चवीपुरता. कंप्यूटरला 'अभिकलित्र' आज कोण म्हणतं?

फाइल साधी ठेवा: यूटीएफ-८, टॅबने वेगळे केलेले तीन रकाने, प्रकल्पाच्या glossary फोल्डरमध्ये. ओमेगाटी ती बाजूच्या चौकटीत आपोआप दाखवतं, शीट उघडायला लागत नाही.

```
account	खाता	पु.; खाते में, खातों को; अकाउंट, लेखा नहीं
folder	फ़ोल्डर	पु.; नया फ़ोल्डर; डायरेक्टरी नहीं
file	फ़ाइल	स्त्री.; नई फ़ाइल
Save	सहेजें	बटन; केवल इंटरफ़ेस का नाम
```

तिसऱ्या रकान्यातलं लिंग आणि सामान्यरूप सोडू नका. मराठीत 'नवं फोल्डर' म्हणणाऱ्याचा हात हिंदीत हमखास अडखळतो. नाकारलेले शब्दही तिथेच लिहा, नाहीतर तोच वाद महिन्याने परत येतो.

आणि 'सगळीकडे बदला' मुळीच नको. 'अकाउंट में जाएँ' मध्ये अकाउंट बदलून खाता टाकला की 'खाता में जाएँ' होतं. हवं 'खाते में'. 'नई डायरेक्टरी'चं 'नई फ़ोल्डर' होतं, कारण डायरेक्टरी स्त्रीलिंगी आणि फ़ोल्डर पुल्लिंगी. एकेक जागा शोधून हातानेच बदलायची.

तळटीप_पुणे
हे पटलं. पण शोधातच घोळ आहे. 'फ़ाइल' शोधलं की निम्म्या जागा सापडतच नाहीत. डोळ्यांना शब्द अगदी सारखा दिसतो.

यंत्रलेखक
नुक्ता बघा. फ़ दोन प्रकारे टाइप होतं: एकच अक्षर U+095E, किंवा फ आणि सुटा नुक्ता U+093C. कीबोर्डनुसार बदलतं. युनिकोडच्या एनएफसी रूपात ही जोडीच ठरते, एकसंध अक्षर सुटं होतं. त्यामुळे शब्दसंग्रह आणि अनुवाद-स्मृती दोन्ही एनएफसीत आणा:

```
python3 -c "import sys,unicodedata as u; sys.stdout.write(u.normalize('NFC',sys.stdin.read()))" < glossary.txt > nfc.txt
```

प्रकल्प सगळ्यांकडे बंद असताना चालवा आणि आधीची प्रत ठेवा. ड़, ढ़, ज़ यांचंही तेच. ओमेगाटी शब्द इंग्रजी बाजूने जुळवतं, म्हणून बाजूच्या चौकटीत ही गडबड दिसत नाही. शोधताना आणि तपासताना मात्र नडते.

तपासताना पूर्ण 'खाता' शोधू नका. मूळ वाक्यात account आहे आणि अनुवादात 'खात' नाही, अशी वाक्यं काढा. मग खाते, खातों आपोआप वगळली जातात. कुंजी-कुंजियों साठी 'कुंज'. मुद्दाम पुनर्रचना केलेली काही वाक्यंही यादीत येतील, ती वाचूनच सोडायची.

अर्धविराम
बदलाबद्दल मान्य, सामान्यरूपाचा विचार केला नव्हता. पण नवा शब्द कोण ठरवणार? पाच जणांनी फाइलमध्ये ओळी टाकल्या तर 'अकाउंट' परत तीनदा येईल.

शब्दशिल्पी
लिहिणारा एकच. बाकीचे सूचना त्या गूगल शीटमध्ये टाकतील, इंग्रजी वाक्यासकट. नुसत्या शब्दावरून काही ठरवता येत नाही. आठवड्यातून एकदा निर्णय, मग ओळ फाइलमध्ये. सूचना glossary फोल्डरमध्ये ठेवू नका, तिथलं सगळंच मंजूर असल्यासारखं दिसतं. सुरुवात १५० ते २०० शब्दांनी करा. हजार ओळी केल्या तर प्रत्येक वाक्याला दहा सूचना येतात आणि लोक ती चौकट बघणंच सोडतात.

तळटीप_पुणे
इंटरफेसची फाइल आजच मागवते. एक अडलंय: तिथे 'सेटिंग्स' आहे आणि आमची ज्येष्ठ अनुवादक मजकुरात 'सेटिंगें' लिहिते.

शब्दशिल्पी
बटणाचं नाव 'सेटिंग्स'च. मजकुरात मी 'सेटिंग' एकवचनी ठेवून वाक्य फिरवते.

यंत्रलेखक
मी मजकुरातही 'सेटिंग्स'च ठेवेन, तपासणी सोपी होते. यावर आमच्याकडेही एकमत नाही.