ताबापत्रातलं 'मेंटेनन्स डिपॉझिट' मराठीत अनामत लिहायचं का? माझं चुकलंय का सांगा

मोशीची_धाकटी
मावसभावाने मोशीत पहिला फ्लॅट घेतलाय. बिल्डरचं दोन पानी इंग्रजी पत्र आलं, दादा चाकणला शिफ्टमध्ये काम करतो, इंग्रजी वाचतो पण हे कोर्टछाप इंग्रजी नाही झेपत, म्हणून मी मराठी करून दिलं. ते वाचून तो एकदम निर्धास्त झाला, म्हणे शनिवारी पैसे भरतो आणि ताबा दसऱ्याला घेतो, आणि त्याच्या त्या निर्धास्तपणामुळेच आता माझी झोप उडालीय. मी केलेल्या मुख्य ओळी अशा:
"आपल्या सदनिकेचा ताबा तयार आहे. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मिळाले असून उर्वरित काम प्रक्रियेत आहे. देखभाल अनामत रु. १,२०,२३३.६० भरून १५ दिवसांत ताबा घ्यावा. सोसायटी व अभिहस्तांतरण यथावकाश होईल."
प्रश्न दोनच. अनामत बरोबर आहे का? आणि शब्दाला शब्द ठेवायचा की दादाला कळेल असं लिहायचं?

जुना_लेखनिक
भाषा शुद्ध आहे, अभिहस्तांतरण हा शब्द वापरलात हे तर फारच छान. कायद्याच्या कागदाला कायद्याचेच शब्द हवेत. भाषांतरकाराने अर्थ सांगायला बसू नये, तो वकिलाचा धंदा. मूळ कागद जड असेल तर मराठीही जड होणारच, त्याला इलाज नाही.

चाळीतला_वाघ
काका, दादाला उद्या सही करायचीय, परीक्षेला नाही बसायचं. अभिहस्तांतरण वाचून त्याला काय कळणार, कप्पाळ? सरळ लिहा की जमीन आणि बिल्डिंग सोसायटीच्या नावावर करून देणं. आमच्याकडे सगळे कन्व्हेयन्सच म्हणतात, तेवढं लिहिलं तरी चालेल.

नाशिककर_७२
माझाही अनुभव सांगतो. मी रीसेलचा फ्लॅट घेतला २०१९ ला, सोसायटीने ट्रान्सफर फी घेतली २५ हजार आणि पावती देताना टाळाटाळ केली, चार महिने फेऱ्या मारल्या. तुमच्या दादाने आधी शेअर सर्टिफिकेट मागावं, त्याशिवाय एक रुपया देऊ नये.

चाळीतला_वाघ
@नाशिककर अहो नवीन बिल्डिंग आहे, सोसायटीच झाली नाही तर शेअर सर्टिफिकेट कुठून आणणार 😄

हिशोबनीस_ताई
मी बारा वर्षं बिल्डरच्याच अकाउंटला होते, ही असली पत्रं मीच टाइप केलीत, म्हणून बोलते. ताई, शुद्ध की सोपं हा वाद नंतर घाला. आधी तो १,२०,२३३.६० चा आकडा फोडा. ६० पैसे बघितल्यावरच मला कळलं की हे नुसतं डिपॉझिट नाही, डिपॉझिट कोणी पैशांत घेत नाही, यात जीएसटी मिसळलाय. पत्राला जोडून एक तक्ता असेल, तो इथे टाका.

मोशीची_धाकटी
हो आहे की, शेवटच्या पानावर. मला वाटलं तो नुसता हिशोब म्हणून मराठीत केलाच नाही 🙈 त्यात मथळा 'मेंटेनन्स डिपॉझिट ॲन्ड चार्जेस', खाली: ६२० चौरस फूट कार्पेट, दर ४ रुपये, २४ महिने, अधिक १८ टक्के जीएसटी. आणि वेगळी ओळ, 'कॉर्पस डिपॉझिट, इंटरेस्ट फ्री' ५०,०००.

हिशोबनीस_ताई
बघा आता. ६२० गुणिले ४ म्हणजे महिन्याला २,४८०. चोवीस महिन्यांचे ५९,५२०. त्यावर १८ टक्के म्हणजे १०,७१३.६०. झाले ७०,२३३.६०, आणि वर कॉर्पसचे ५०,०००. बेरीज जुळली. म्हणजे एकाच मथळ्याखाली दोन वेगळ्या जातीचे पैसे आहेत. सत्तर हजार हे आगाऊ मेंटेनन्स, ते वॉचमन, लिफ्ट, पाण्याचा टँकर, जिन्यातली लाइट यात दोन वर्षांत खर्च होणार, ते ठेव नाहीतच. पन्नास हजार ही ठेव आहे, पण ती दादाला परत मिळायची ठेव नाही. महाराष्ट्रात रेरा कायद्याखाली जो नमुना करार आहे त्यात असं आहे की असे पैसे बिल्डरकडे बिनव्याजी राहतात आणि कन्व्हेयन्स झालं की करारात ठरलेली वजावट करून उरलेले सोसायटीला द्यायचे. सोसायटीला, दादाला नाही! तुम्ही दोन्हीला मिळून अनामत म्हटलंत आणि अनामत म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात येतं भाड्याच्या घराचं डिपॉझिट, सोडताना परत. दादा निर्धास्त झाला तो तिथेच.

मोशीची_धाकटी
अगदी तेच म्हणाला तो. "सव्वा लाख काय, परतच येणारेत." आता मी त्याला काय तोंड दाखवू

जुना_लेखनिक
हे मान्य. मथळ्यात 'ॲन्ड चार्जेस' होतं आणि भाषांतरात ते गळलं, ती चूकच. पण अनामत शब्दाचा दोष नाही त्यात. पन्नास हजारापुरता तो बरोबरच आहे, अनामत म्हणजे ठेवायला दिलेले पैसे, कोणाला परत करायचे ते पुढच्या वाक्यात येतं.

हिशोबनीस_ताई
पुढच्या वाक्यात आलं तर ना काका. त्या पत्रात येत नाही, करारात येतं. म्हणून मी म्हणते 'सोसायटीकडे जाणारी ठेव' लिहा, नाहीतर डिपॉझिटच ठेवा.

चाळीतला_वाघ
डिपॉझिट ठेवलं तरी दादा परतच समजणार ना? शब्द बदलून काय होतंय, भाड्याच्या घराला पण आपण डिपॉझिटच म्हणतो.

हिशोबनीस_ताई
हं, तेही खरंच आहे.

रेरावाला
जीएसटी लावलाच कसा? डिपॉझिटवर जीएसटी लागत नाही, सरळ भांडा. आणि ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, त्याशिवाय ताबा देता येत नाही, बेकायदा आहे, हे पत्रच फाडून टाका.

हिशोबनीस_ताई
@रेरावाला तक्ता वाचा ना, जीएसटी आगाऊ मेंटेनन्सवर आहे, कॉर्पसवर लावलेला नाही. पत्र फाडून काय मिळणार, नोटीस मिळाली ही गोष्ट तशीच राहते. पण ओसीचं तुम्ही काढलंत ते बरं झालं. धाकटी, ती ओसीची ओळ इंग्रजीत काय होती, जशीच्या तशी टाका.

मोशीची_धाकटी
"पार्ट ऑक्युपन्सी सर्टिफिकेट हॅज बीन ऑब्टेन्ड फॉर द बिल्डिंग ॲन्ड द बॅलन्स इज अंडर प्रोसेस."

जुना_लेखनिक
अरे देवा. पार्ट कुठे गेला?

मोशीची_धाकटी
मला वाटलं 'उर्वरित काम प्रक्रियेत' मध्ये आला तो 😢

हिशोबनीस_ताई
नाही आला. बॅलन्स म्हणजे उरलेलं काम नव्हे, उरलेली ओसी. पार्ट ओसीच्या कागदावर कुठली विंग, कितवे मजले ते लिहिलेलं असतं. दादाचा मजला कितवा? त्याचा मजला त्यात असेल तर काहीच हरकत नाही, नसेल तर त्याच्या घरापुरती ओसी अजून मिळालेलीच नाही, आणि मग 'ताबा तयार आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. बिल्डरला विचारू नका, म्हणजे विचारा पण त्यावर थांबू नका. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टच्या पानावर बघा, नाहीतर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात. आणि मराठी असं लिहा: "इमारतीच्या काही भागाला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे, उरलेल्या भागाचे अजून मिळालेले नाही." प्रक्रियेत आहे म्हटलं की माणसाला वाटतं टेबलावर सहीला आहे. मी टाइप करायचे तेव्हा कधी कधी अर्जच गेलेला नसायचा.

चाळीतला_वाघ
"यथावकाश" पण तसलाच शब्द. म्हणजे कधी? आमच्या बिल्डिंगचं कन्व्हेयन्स यथावकाश होतंय, मी दहावीत होतो तेव्हापासून.

जुना_लेखनिक
इथे मात्र मी भाषांतरकाराच्या बाजूने. मूळ पत्रात 'इन ड्यू कोर्स' असेल तर यथावकाशच लिहायचं. बिल्डरने तारीख दिली नाही तर तुम्ही मराठीत ती कशी देणार? मूळ कागद मोघम असेल तर भाषांतर मोघमच राहिलं पाहिजे, ते स्पष्ट करणं म्हणजे त्याच्या तोंडी शब्द घालणं.

हिशोबनीस_ताई
हे पटलं काका. मोघम ते मोघम ठेवा, फक्त खाली वेगळ्या रंगात एक ओळ टाका की इथे तारीख दिलेली नाही. ती ओळ पत्रातली नाही, धाकटीची आहे, हे दिसू द्या. पण स्पष्ट असलेलं मोघम करू नका, पार्टचं तेच झालं. आणि एक राहिलं, १५ दिवसांनंतर काय होईल याची ओळ असणारच पत्रात, ती तुम्ही टाकली नाही इथे.

मोशीची_धाकटी
आहे. "शॅल बी डीम्ड टु हॅव टेकन पझेशन ॲन्ड मेंटेनन्स शॅल बी पेएबल फ्रॉम सेड डेट." मी लिहिलंय "ताबा घेतल्याचे समजण्यात येईल".

हिशोबनीस_ताई
शब्द बरोबर, पण दादा दसऱ्याला ताबा घेणार म्हणतोय, म्हणजे त्याला ते पोचलं नाही. त्याला असं सांगा: किल्ली घेवो न घेवो, सोळाव्या दिवसापासून २,४८० चं मीटर चालू, आगाऊ भरलेल्या चोवीस महिन्यांतले महिने रिकाम्या घरात जळणार. नमुना करारातही पंधरा दिवसांचंच आहे, म्हणजे हे बिल्डरने खास दादासाठी काढलेलं नाही. पण ते धरायचं ते ओसीनंतरच्या नोटिशीपासून. म्हणून मजला आधी बघा.

रेरावाला
पण रेरात दोन महिने आहेत, कलम १९. पंधरा दिवस चालणारच नाहीत.

हिशोबनीस_ताई
ते ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यायची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकलीय, ते खरं. मेंटेनन्स कधीपासून ही वेगळी गोष्ट. दोन्ही भिडले की काय होतं यावर मी छातीठोक बोलणार नाही, वकिलाला दाखवा.

जुना_लेखनिक
खाली सहीची पट्टी असेल, 'इन्स्पेक्टेड टु फुल सॅटिस्फॅक्शन' वगैरे. ती केलीत का?

मोशीची_धाकटी
ती तर मी भाषांतरातच घेतली नाही, नुसती सहीची जागा वाटली. त्यात 'नो क्लेम ऑफ एनी नेचर' पण आहे.

हिशोबनीस_ताई
आख्ख्या पत्रात सही फक्त तिथेच आहे हो! "मी घर तपासलं, समाधानी आहे, माझी कसलीही मागणी नाही", हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. बांधकामातल्या दोषासाठी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डर रेराखाली बांधलेला आहे, ते या पट्टीने पुसलं जात नाही, पण ताबा उशिरा दिल्याचं व्याज वगैरे मागायचं असेल तर ही सही आडवी येऊ शकते. आधी घर बघायचं, बाथरूमचा उतार, खिडक्या, लाइटचे पॉइंट, आणि जे राहिलंय ते त्याच पट्टीवर हाताने लिहून मग सही.

नाशिककर_७२
आणि मराठी भाषांतर नोटरी करून घ्या म्हणजे कोर्टात चालेल.

जुना_लेखनिक
कशाला? सही इंग्रजी कागदावर होणार, मराठी फक्त दादाला समजायला. उलट मराठीवर वर लिहून ठेवा की ही समजण्यापुरती प्रत आहे.

मोशीची_धाकटी
अपडेट. महारेराच्या साइटवर पार्ट ओसी मिळाली, पहिला ते नववा मजला. दादा अकराव्यावर. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला तर म्हणे "ते होऊन जाईल, तुम्ही फर्निचर सुरू करा". मी म्हटलं हेच ईमेलवर लिहून द्या, दोन दिवस झाले, ईमेल नाही. शनिवारचे पैसे थांबवलेत. मराठी परत केलं, तक्त्यासकट आणि पट्टीसकट. पन्नास हजारापुढे शेवटी लिहिलं "सोसायटीकडे जाणारी ठेव, आपल्याला परत मिळत नाही", ते 'परत मिळत नाही' माझं आहे म्हणून निळ्या पेनाने. दादाने वाचलं आणि विचारलं, मग घर विकलं तर हे पन्नास हजार नवीन माणसाकडून मागायचे का?

हिशोबनीस_ताई
लोक मागतात. देणारा देतो की नाही ते सौद्यावर.

जुना_लेखनिक
आणि यथावकाश ठेवलंत ना?

मोशीची_धाकटी
ठेवलं काका. खाली निळ्या पेनाने "तारीख नाही".