व्हेंडरला मेल: दोन ओळींचा दम की पुरावा?

खरेदीवाला: व्हेंडरला निबंध लिहू नका. 'माल पुन्हा खराब आलाय, ताबडतोब सुधारा, नाहीतर पेमेंट थांबेल.' एवढं पुरतं.

गेजरूम: नाही पुरत. आमच्या बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक, 12 H7, म्हणजे 12.000 ते 12.018 मिमी, आणि सलग तीन लॉट बोअर लहान. पहिल्या दोन वेळा असाच दम दिला, दोन्ही वेळा उत्तर 'ऑपरेटरला समज दिली'. तिसऱ्यांदा लॉट नंबर, चलन नंबर, 80 तपासले त्यात 11 रिजेक्ट, प्रत्येकाचं माप, कशाने मोजलं ते, मागच्या दोन लॉटचे आकडेही, सगळं लिहिलं आणि नंबर टाकून 5 पीस परत पाठवले. दोन दिवसांत तुमच्याकडचा शिल्लक माल सॉर्ट करून आकडा कळवा, कारण आणि कायमचा उपाय पुढच्या सोमवारी संध्याकाळी 5 पर्यंत, असं स्पष्ट मागितलं. त्यांच्या गो गेजवर, म्हणजे चांगल्या बोअरमध्ये जायलाच हवा त्या गेजवर, ते पाचही पास झाले, तेव्हा कुठे कळलं की त्यांचा गेज झिजलाय. गो बाजू झिजून बारीक झाली की ती 11.994 च्या बोअरमध्येही जाते. ऑपरेटर बिचारा रोज प्रामाणिकपणे चेक करत होता!

आठडी: मग सरळ 8डी, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय लिहायचा फॉर्म मागायचा, त्यात सगळं येतंच.

गेजरूम: दुसऱ्या लॉटला आला होता फॉर्म, कारणाच्या रकान्यात 'निष्काळजीपणा'. माल खराब का झाला एवढंच शोधलं, तो त्यांच्या तपासणीतून सुटला कसा हे कोणी विचारलंच नाही.

लेथवाला: मी व्हेंडर आहे. आधी मागची बिलं द्या! 45 दिवसांचं बोलून 120 दिवस लावता, गेज कॅलिब्रेशनला पाठवायचा तर पैसे कुठून आणू? आणि तुमचाच गेज बरोबर कशावरून?

खरेदीवाला: खराब मालाचे पैसे मागताय?

लेथवाला: चांगल्या मालाचे मागतोय! एका लॉटमध्ये 11 पीस गेले म्हणून आधीच्या चार लॉटची बिलं अडवली होती, तुमच्यासारख्याच एकाने. त्या महिन्यात पगार उसने आणून केले.

गेजरूम: हे चूकच. अडवायचं तर त्या लॉटपुरतं. आणि गेजचं तुम्ही म्हणता ते मान्य, आमचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट पहिल्या मेललाच जोडायला हवं होतं.

पेंटशॉप: आमच्याकडे शेड बदलते, रंगाला माप कुठून आणू?

आठडी: दोघांनी सही केलेला सॅम्पल ठेवा, त्याच्याशी जुळवून बघा.

पेंटशॉप: ठेवलाय, तोच वर्षभरात पिवळा पडला.

खरेदीवाला: बरं, पुढच्या मेलला आकडे टाकतो. पण पेमेंटची ओळ मी काढणार नाही.

लेथवाला: मग आमच्याकडूनही 'ऑपरेटरला समज दिली' हेच येईल.