शेड नंबर तोच, कापड वेगळं: बदलून मागायचं तर नक्की काय मागायचं?

खिडकीकाठ:
राखाडी-निळ्या पडद्यांचं सुती कापड घेतलं, सहा पाट शिवले, मस्त दिसत होते. नंतर सरकत्या दारासाठी अजून दोन पाटांचं कापड तोच शेड नंबर सांगून मागवलं. एक पाट शिवून लावला, दुसरं कापड घडीतच आहे. दिवसा चालून जातं पण रात्री दिवा लावला की नवा पाट सरळ लालसर. विक्रेता म्हणतो टॉलरन्समध्ये आहे. मला जुन्या लॉटशी तंतोतंत जुळणारं कापड फुकट बदलून हवंय आणि तोवर बाकी पैसे देणार नाही. सगळ्यांनी हेच करा, त्याशिवाय हे लोक सुधारणार नाहीत. शेड नंबर म्हणजे शेड नंबर, संपलं.

हौदातला:
"सगळ्यांनी हेच करा" वाचलं आणि राहवलं नाही. मी विक्रेत्याच्या बाजूचा नाही, रंगाईत आयुष्य गेलंय, आणि तुम्ही जे मागताय ते कोणीच देऊ शकणार नाही म्हणून तुमची तक्रार पहिल्याच फोनला मरते.

जुना लॉट संपला. आता तुमच्या दोन पाटांसाठी कोणी मशीन भरणार नाही, तिथे एका वेळी शेकडो किलो कापड जातं. म्हणजे "जुन्या लॉटशी जुळणारं" हे कुठेतरी पडून असेल तरच मिळेल, हुकूम देऊन तयार होत नाही.

शेड नंबरचं म्हणाल तर तो एका नमुन्याच्या तुकड्याचा नंबर आहे. प्रत्येक लॉट त्या तुकड्याशी ताडून पास होतो, आधीच्या लॉटशी ताडत नाहीत. सगळी गोम इथेच आहे. समजा नमुन्यापासून 1 इतका फरक चालतो असं ठरलंय (डेल्टा ई, मशीन मोजतं). तुमचा पहिला लॉट नमुन्यापेक्षा 0.8 ने हिरवटाकडे गेला, पास. दुसरा 0.8 ने लालसराकडे गेला, तोही पास. आता दोघांना शेजारी टांगा, एकमेकांतला फरक 1.6, आणि सलग मोठ्या कापडावर तेवढा डोळ्याला टोचतो. दोन्ही लॉटचे कागद स्वच्छ, विक्रेता खोटं बोलत नाही, आणि तुमचे डोळेही खोटं बोलत नाहीत.

कपडे शिवणारे मोठे कारखाने म्हणूनच कापायच्या आधी प्रत्येक ताक्याची पट्टी काढून फिकट-गडद, झाक वगैरे बघून गट पाडतात आणि एका गटाचा माल एकत्र कापतात. तुम्हाआम्हाला ती सोय नाही.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा, जो तुम्ही मांडलाच नाही. दिवसा जुळतं आणि दिव्याखाली फुटतं हा नुसता कमी-जास्त रंगाचा प्रकार वाटत नाही. राखाडी-निळा हा तीन रंग मिसळून होतो. त्यातला एखादा मिळाला नाही, महाग झाला, की दुसरा घालून पाककृती बदलतात, ती दिवसाच्या उजेडात जुळवतात आणि पास करतात. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली मग भांडं फुटतं. तेव्हा विक्रेत्याला एवढंच विचारा की टॉलरन्समध्ये आहे ते कोणत्या उजेडात, आणि दुसऱ्या उजेडात ताडलं होतं का. बहुतेक गप्प बसेल.

मागणी अशी करा: घडीतलं कापड परत घ्या आणि पूर्ण दाराचे दोन्ही पाट एकाच लॉटमधून द्या, आणि तो लॉट माझ्या जुन्या पडद्याच्या पट्टीशी ताडून, दिवसा आणि दिव्याखाली दोन्हीकडे. एवढं जमत नसेल तर पैसे परत. ही मागणी पूर्ण होऊ शकते, म्हणून तिला नाही म्हणायला कारण द्यावं लागतं.

खिडकीकाठ:
छान. म्हणजे कागद त्यांचे स्वच्छ, लेक्चर मला. मला 0.8 आणि 1.6 शी काय करायचंय? मी रंग विकत घेतला, गणित नाही. दोन लॉट जुळत नाहीत हे त्यांना माहिती असतं ना, मग विकताना तोंडातून निघत नाही का "लॉट वेगळा आहे, चालेल का"?

हौदातला:
हे मात्र शंभर टक्के बरोबर. ताक्यावर लॉट नंबर असतो, सांगायला हवा होता. पण मूळ पोस्टमध्ये तुम्ही लॉट नंबरबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत, सगळं शेड नंबरवर.

ब्रशवाला:
अहो एवढं काय, सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतायचे, ढवळायचे, मग लावायला घ्यायचं. डब्याडब्याला फरक असतोच. मी कायम असंच करतो. माझा खरा वाद टचअपचा आहे, त्याच डब्यातला उरलेला रंग भिंतीवर लावला तरी ठिगळ दिसतं, कंपन्या डबा उघडल्यावर रंग बदलेल असा बनवतात.

सुईदोरा:
ब्रशवाले, पडदे चाललेत, भिंत नाही. कापड बादलीत ओतून ढवळू का?

हौदातला:
बादलीचा सल्ला भिंतीसाठी चांगलाच आहे हो, फक्त सुरू करायच्या आधी करायचा, अर्धी भिंत झाल्यावर उपयोग नाही. टचअपचं कंपनीवर ढकलू नका. जुना थर मळलेला, उन्हाने उतरलेला, आधी रोलरने लावलेला, आणि तुम्ही वर ब्रशने मारता. चकाकी बदलली की रंग तोच असून ठिगळ दिसतं. बाजूने बघा आणि समोरून बघा, बाजूनेच जास्त दिसत असेल तर चकाकी.

ब्रशवाला:
रोलरनेच मारलं होतं. बघतो बाजूने.

सुईदोरा:
मूळ विषयावर. मी शिवते, आणि माझा राग दोन्हीकडे आहे. गिऱ्हाईक कापड आणून टाकतं, "आजच कापा", आणि झाक वेगळी निघाली की शिवणारीची चूक. मी आता जुना पडदा सोबत आणल्याशिवाय नवा पाट कापतच नाही. खिडकीकाठ, तुम्ही कापायच्या आधी जुन्या पडद्याला लावून बघितलंत का?

आणि एक गोष्ट कोणी विचारली नाही. जुने पाट किती उन्हात आहेत? जुन्या पाटाची खालची दुमड थोडी उसवा आणि आतलं कापड बघा, तिथे ऊन पोचत नाही. आतलं कापड नव्याशी जुळलं तर लॉटचा दोष नाहीच, तुमचे जुने पडदे उतरलेत. मग कोणी कितीही अस्सल जुना लॉट आणून दिला तरी जुळणार नाही.

खिडकीकाठ:
बघितलं होतं लावून, दिवसा. दिवसा जुळतंय हेच तर म्हणतोय. आणि मी माझे चांगले पडदे उसवायचे, कशाला, त्यांची बाजू सिद्ध करायला?

पावतीवाला:
मी दुकान चालवलंय म्हणून बोलतो, शिव्या द्या. कापलेला माल परत नाही हे पावतीवर छापलेलं असतं आणि ते असायलाच हवं. माणसं मापात चुकतात, शिवायला बिघडवतात, बायकोला रंग आवडत नाही, आणि सगळ्यांना एकदम "शेड वेगळी आहे" आठवतं. कापण्याआधी बघायचं होतं. कात्री लागली की माल तुमचा.

सुईदोरा:
"बायकोला आवडत नाही" वगैरे राहू द्या. भोक, डाग, आडवा पट्टा या गोष्टी कापायच्या आधी दिसतात, तिथे तुमचं मान्य. पण दिव्याखाली फुटणारा रंग तुमच्या दुकानातल्या झगमगाटात कोणाला दिसणार आहे? जे बघूनही दिसत नाही त्याला "बघायचं होतं" कसं म्हणता?

पावतीवाला:
मग गिऱ्हाइकाने एक तुकडा घरी नेऊन रात्री बघावा. आम्ही देत नाही का तुकडे?

सुईदोरा:
देता ना, तुकड्यांच्या पुस्तकातला देता. तो कोणत्या लॉटचा असतो? तुम्हालाही माहिती नसतं.

पावतीवाला:
...ते आहे. चालू ताक्यातला मागितला तर देतो आम्ही. कोणी मागत नाही.

खिडकीकाठ:
कोणी मागत नाही कारण मागायचा असतो हे कोणाला माहितीच नसतं!! आणि तुम्ही सांगत नाही. अप्रतिम धंदा आहे.

पावतीवाला:
आवाज खाली. बाकी पैसे अडवून बसलेल्या माणसाने धंद्याच्या गप्पा मारू नयेत. दोन पाटांचा वाद असेल तर दोन पाटांचे अडवा, तुम्ही कशाचे अडवलेत ते तर लिहा.

लोकरवेडी:
विणकामात आम्ही दोन लॉटची लोकर असेल तर दोन ओळी याच्या दोन ओळी त्याच्या असं आलटून पालटून विणतो, जोड दिसत नाही. पडद्यात तसं होणार नाही पण नवे दोन पाट एकाच दाराला आणि जुने सगळे खिडक्यांना असं लावलं तर? शेजारी नसले की डोळ्याला कळत नाही. नाहीतर नवं कापड घरी रंगवून जुन्यासारखं करा.

हौदातला:
जागा बदलायचं एकदम पटलं. रंगवायचं अजिबात नको. रंगवून गडदच होतं, आणि लालसर झाक मारायला वरून हिरवट घातलं की राखाडीचा चिखल होतो. शिवाय रंगवलेलं कापड मग कोणीच परत घेणार नाही. धुऊही नका घडीतलं, आहे तसं ठेवा.

खिडकीकाठ:
नवे दोन्ही दारालाच लावायचे होते, पण दार आणि खिडकी एकाच भिंतीत आहेत, शेजारीच येतात.

बरं, उसवली दुमड, खूश? आतलं कापड बाहेरच्यापेक्षा जरा गडद आहे. पण रात्री नव्याइतकं लाल नाही, मधेच कुठेतरी आहे. आता बोला.

सुईदोरा:
म्हणजे थोडं उन्हाने, थोडं लॉटने. तीन रंगांतला एखादा आधी उडाला असेल. मी म्हणत होते तेवढं खरं निघालं नाही, आणि तुम्ही म्हणत होता तेवढंही नाही.

हौदातला:
जुळणी करायला पट्टी पाठवताना दुमडीच्या आतली पाठवू नका, बाहेरची उतरलेली पाठवा, तुम्हाला जुळवायचं आहे ते तिच्याशी. आतली स्वतःकडे ठेवा, लॉट वेगळा आहे हे दाखवायला तीच कामाची. फोटो काढाल तर जुनं आणि नवं एकाच फोटोत, एकमेकांवर ठेवून, दोन्हींचे उभे धागे एकाच दिशेला. वेगवेगळे फोटो पाठवले तर मोबाईल स्वतःच रंग सावरतो आणि समोरचा म्हणतो फरकच नाही.

पावतीवाला:
घडीतलं कापड आणि पट्टी दोन्ही आणली तर मी असतो तर घडीतलं बदललं असतं. शिवलेल्या पाटाचं नाही.

सुईदोरा:
आणि एकच बदललं की नव्याच्या शेजारी तिसराच लॉट.

पावतीवाला:
मग शिवलेल्याचं कापड अर्ध्या भावात. याच्यापुढे नाही.

खिडकीकाठ:
तुम्ही माझे विक्रेते नाही आहात, तुमच्याशी भाव करून काय उपयोग. पट्टी कापून पाठवतो बाहेरची. बाकी पैसे मात्र त्यांचं उत्तर आल्यावरच, आणि "कोणत्या उजेडात" हे लेखी विचारणार आहे.

ब्रशवाला:
बाजूने बघितलं. बाजूनेच जास्त दिसतंय ठिगळ. आता पूर्ण भिंत मारू की फक्त कोपऱ्यापर्यंत?

हौदातला:
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, ती एक भिंत पूर्ण.