मदत हवी आहे: अपवेलिंगमध्ये उत्पादन सहापट, मग मासे हजारो पट कसे? तक्ता जुळत नाही

ओट्यावरचा_अभ्यासू (पुणे)
नमस्कार मंडळी. डोकं फिरलंय म्हणून इथे टाकतोय. खुला समुद्र ५०, अपवेलिंग ३००. म्हणजे सहापट, बरोबर? मग शेवटच्या रकान्यात जगातले निम्मे मासे अपवेलिंगमधून कसे येतात, तेही ०.१ टक्के क्षेत्रातून? जिथे बघावं तिथे "खालच्या थंड पाण्याबरोबर पोषकद्रव्ये वर येतात म्हणून" एवढंच. ते मलाही माहीत आहे. शिवाय मी गणित केलं की २७ येतं आणि तक्त्यात ३६ छापलंय. परवा टेस्ट आहे. कृपया "एनसीईआरटी वाच" सांगू नका, वाचून झालंय.

टाकीवाला_कोथरूड
नायट्रेट वाढल्याचा प्रॉब्लेम दिसतोय. माझ्या टाकीत हाच त्रास होता, काच हिरवीगार. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, खाणं कमी करा, लाइट आठ तासांच्या वर नको. टाकी किती लिटरची आहे?

ओट्यावरचा_अभ्यासू
दादा, टाकी नाही हो. समुद्र.

खारा_वारा (पाषाण)
५० काय, ३०० काय? एकक लिहा. तक्ता कुणाचा? २७ कशाला काय करून आलं? यातलं काहीच दिलं नाहीत तर उत्तर कसं देणार.

ओट्यावरचा_अभ्यासू
झेरॉक्स नोट्स आहेत, वर "रायथर १९६९" लिहिलंय. एकक ग्रॅम कार्बन, दर चौरस मीटर, दर वर्षी. ३६ पण तेच. पुढचे रकाने: खुला समुद्र अन्नसाखळीच्या पायऱ्या ५, दर पायरीला कार्यक्षमता १० टक्के. किनारी समुद्र १००, पायऱ्या ३, १५ टक्के. अपवेलिंग पायऱ्या १.५, २० टक्के. मी ३०० ला ०.२ च्या दीड घाताने गुणलं. २६.८ आलं.

नेमके_उत्तर_सर
विद्यार्थी मित्रा, अशा आकड्यांत अडकू नकोस. परीक्षक आकडे तपासत बसत नाही. क्रम लिही: व्यापारी वारे, एकमन वहन, थंड पाणी वर, नायट्रेट व फॉस्फेट, डायटम शैवाल, अँकोव्हेटा मासा. पेरूचा अँकोव्हेटा थेट डायटम खातो, मध्ये कोणी नाही, म्हणून मासे जास्त. एक आकृती काढ. दहापैकी सहा नक्की.

बेरीज_वजाबाकी
समुद्रातलं मला काही कळत नाही, पण ३६ सरळ आहे. दीड पायरी अशी पायरी नसतेच. अर्धे मासे एका पायरीवर आणि अर्धे दोन पायऱ्यांवर धरलेत. एका पायरीला ३०० चे २० टक्के म्हणजे ६०. दोन पायऱ्यांना त्याचे पुन्हा २० टक्के, १२. दोघांची सरासरी ३६. तुम्ही आधी पायऱ्यांची सरासरी काढली आणि मग घात घातला, म्हणून २७.

ओट्यावरचा_अभ्यासू
अरे! जुळलं. धन्यवाद. आता सहापटीचं सांगा कुणीतरी.

खारा_वारा
रायथरचा मुद्दाच तो होता. जगभरची मासळी मोजून नव्हे, तर तुमच्यासारखंच कागदावर गुणाकार करून त्याने तो तक्ता केला. खुल्या समुद्राला तीच रीत लावा: ५० चे दहा टक्के, पुन्हा दहा टक्के, असं पाच वेळा. उरतात ०.०००५ ग्रॅम. अपवेलिंगला ३६. म्हणजे दर चौरस मीटरमागे ७२ हजार पट. त्यातला पोषकद्रव्यांनी वाढलेल्या उत्पादनाचा वाटा फक्त सहापट. बाकीचे बारा हजार पट अन्नसाखळी आखूड असल्यामुळे आणि पायरीगणिक गळती कमी धरल्यामुळे आले. मग खुल्या समुद्राचं क्षेत्र ९०० पट मोठं असूनही त्याच्या वाट्याला सोळा लाख टन मासे येतात आणि अपवेलिंगला बारा कोटी. तुमच्या नोट्समध्ये हेच आकडे असतील.

ओट्यावरचा_अभ्यासू
हो, तेच आहेत. पण साखळी आखूड का? योगायोग आहे का?

खारा_वारा
नाही, तिथे पोषकद्रव्यं पुन्हा कामाला येतात. उघड्या समुद्रात वरचं पाणी उन्हाने तापून खालच्यावर झाकणासारखं बसतं. नायट्रेट जवळजवळ संपलेलं असतं. अशा उपासमारीत टिकतात त्या अगदी बारीक पेशी, पुष्कळदा दोन मायक्रॉनहून लहान, कारण लहान अंगाला थोडं नायट्रेटही पटकन शोषता येतं. पण इतकं बारीक खाणं कोपेपॉड या चिमुकल्या प्लवक प्राण्यांच्या हाती लागत नाही. आधी एकपेशीय प्राणी ते खातात, त्यांना थोडे मोठे, त्यांना कोपेपॉडसारखे, मग छोटे मासे, मग ट्यूना. प्रत्येक जण खाल्लेल्यातलं बरंचसं श्वासात जाळतो.

पेरूच्या किनाऱ्यावर वारा दक्षिणेकडून उत्तरेला, किनाऱ्याला समांतर वाहतो. दक्षिण गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या डावीकडे सरकतं, म्हणजे पश्चिमेला, किनाऱ्यापासून दूर. त्याची जागा भरायला खालचं पाणी वर येतं. तळातून नाही बरं का, साधारण पन्नास ते दोनशे मीटरवरून. तेवढं पुरतं, कारण तिथे दर लिटरला वीस-पंचवीस मायक्रोमोल नायट्रेट असतं, आणि सिलिकेटही. आता उपासमार नाही, त्यामुळे मोठ्या डायटमची चलती होते, त्यांच्या साखळ्या बनतात. हे खाणं कोपेपॉड, कोळंबीसारखे क्रिल, प्रसंगी मासाही सरळ गिळू शकतो. मधल्या पायऱ्या गळाल्या. म्हणजे नायट्रेटने नुसतं प्रमाण वाढवलं नाही, खाण्याचा आकार बदलला.

बांगडाप्रेमी
सगळं ठीक, पण गणेश पेठेत तारली गेल्या वर्षी दिसतच नव्हती आणि यंदा ढिगाने आहे. हे पण वाऱ्यामुळेच का? आमच्या मालवणला म्हणतात पावसाळी बंदी नीट पाळली की मासा येतो.

नेमके_उत्तर_सर
भारतात अपवेलिंग नसते. फक्त पेरू, कॅलिफोर्निया, नामिबिया, मोरोक्को.

खारा_वारा
असतं की. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यावर चांगलं होतं. तिथे वारा वायव्येकडून, आणि आपल्या गोलार्धात पाणी उजवीकडे सरकतं, म्हणजे तिथेही किनाऱ्यापासून दूर. उत्तरेकडे, गोव्याच्या वर, ते क्षीण होत जातं. तारलीचा अपवेलिंगशी संबंध आहे, पण तारलीचं एखादं वर्ष का बुडतं याला एकच कारण कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. पेठेतल्या ढिगावरून तर नकोच, माल कुठून कुठून येतो.

बांगडाप्रेमी
बंदीचं मी म्हणतोय ते उडवून लावू नका. पिल्लं वाचली तरच मासा वाढतो, हे साध्या कोळ्यालाही कळतं. वारा काय जाळ्याच्या मालकाला विचारून वाहत नाही.

टाकीवाला_कोथरूड
माशांच्या गोळ्यांच्या पाकिटावर "फिशमील" लिहिलेलं असतं, ते याच अँकोव्हेटाचं का?

खारा_वारा
असू शकतं. पेरूचा अँकोव्हेटा बहुतेक सगळा फिशमील आणि तेलात जातो. १९७० च्या सुमारास वर्षाला एक कोटी वीस लाख टनांहून जास्त एकच जात पकडली जात होती. १९७२ चा एल निनो आला आणि १९७३ ला पकड वीस लाखांच्या खाली गेली. आधीची बेसुमार मासेमारीही त्याला कारण आहे, म्हणजे बांगडाप्रेमींचा मुद्दा अगदीच फेकण्यासारखा नाही.

ओट्यावरचा_अभ्यासू
एल निनोत वारा पडतो म्हणून पाणी वर येणं थांबतं, असंच लिहायचं ना?

खारा_वारा
इथेच बहुतेकांचं चुकतं. विषुववृत्तावरचे व्यापारी वारे मंदावतात हे खरं. पण पेरूच्या किनाऱ्यालगतचा वारा बऱ्याचदा चालूच असतो, पाणी वर येतही असतं. फक्त पश्चिमेकडून आलेल्या उबदार पाण्याने वरचा थर इतका जाड होतो की वर येणारं पाणी त्या थरातलंच असतं, उबदार आणि नायट्रेटविना. म्हणून नुसता वारा मोजून अंदाज बांधू नये. थंड पाणी किती खोलीवर सुरू होतं ते बघावं. तिथून वरपर्यंत सगळं कोसळतं: डायटम कमी, क्रिल कमी, अँकोव्हेटा किनाऱ्याला चिकटतो किंवा खोल जातो, आणि विष्ठेचं खत, म्हणजे ग्वानो, देणाऱ्या पाणकावळ्यांना, पेलिकनना तो चोचीच्या टप्प्यात मिळत नाही. १९६५ च्या एल निनोनंतर हे पक्षी प्रचंड संख्येने मेले. बोनिटो आणि सी लायनही त्याच माशावर जगतात.

नेमके_उत्तर_सर
मी तेच लिहिलं होतं, फक्त थोडक्यात. अँकोव्हेटा थेट डायटम खातो हा मुद्दा मात्र सोडू नकोस, तोच गाभा आहे.

खारा_वारा
तोच मुद्दा जपून लिहायला हवा. पोट फाडून पेशी मोजल्या तर डायटमच डायटम दिसतात. पण २००८ मध्ये संशोधकांनी संख्येऐवजी कार्बन मोजला, तेव्हा बहुतेक कार्बन क्रिल आणि कोपेपॉडचा निघाला. म्हणजे अँकोव्हेटा मुख्यतः दुसऱ्या पायरीवर. मग ३६ ऐवजी १२ च्या जवळ यायला हवं, म्हणजे रायथरचा तक्ता तेवढा ढिला आहे. त्याने खुल्या समुद्राचं उत्पादनही कमी धरलं होतं, आज ५० हा आकडा कमी मानतात. आखूड साखळीची कल्पना टिकली आहे, दीड पायरी टिकलेली नाही.

नेमके_उत्तर_सर
परीक्षकाला २००८ चा शोधनिबंध माहीत नसतो. पुस्तकातले लिहा.

बेरीज_वजाबाकी
सर, मग १२ आणि ३६ मध्ये तिप्पट फरक आहे, तो कुठे गेला? पेरूत मासे तर खरंच सापडतात ना?

खारा_वारा
सापडतात. समुद्राच्या ०.१ टक्क्याहून कमी पृष्ठभागावरून जगाच्या पकडीतला साधारण दहावा हिस्सा. खरा तिढा नामिबियाचा आहे. तिथलं वनस्पती प्लवकांचं उत्पादन पेरूपेक्षा कमी नाही, उलट जास्तच, तरी मासे कित्येक पट कमी. पेरूचा वारा मध्यम असतो म्हणून पिल्लांचं खाणं विखुरत नाही, असं काही जण म्हणतात. सेकंदाला पाच-सहा मीटरच्या वर वारा गेला की मासा घटतो, असं काही अपवेलिंग प्रदेशांत दिसलंय. दुसरे म्हणतात, पेरूत ऑक्सिजन नसलेला थर इतका वर आहे की सगळं खाणं वरच्या पातळ थरात कोंबलं जातं आणि अँकोव्हेटाला आयतं मिळतं. तिसरे म्हणतात, नामिबियात साठच्या दशकाच्या शेवटी सार्डिन बेसुमार मारल्यावर तिथे जेलीफिश आणि गोबी मासे माजले, ती साखळी परत जुळलीच नाही. मला दुसरं आणि तिसरं पटतं, पण यावर एकमत नाही.

बांगडाप्रेमी
जेलीफिश आमच्याकडेही जाळ्यात येतो, हात जळतो नुसता. आता सांगा, बंदी पाळायची की नाही?

ओट्यावरचा_अभ्यासू
मी ठरवलं. तक्ता देतो, ३६ कसं आलं ते एका ओळीत, मग डायटमचा आकार आणि एल निनोतला उबदार थर. अँकोव्हेटाच्या खाण्यावर "मुख्यतः प्राणी प्लवक" लिहितो. सर, सहा मिळाले तर तुम्हाला कळवीन. खारा_वारा, तो ऑक्सिजनचा थर पेरूत नेमका किती मीटरवर असतो? आकृतीत दाखवायचाय.

खारा_वारा
किनाऱ्यालगत काही ठिकाणी तीस-चाळीस मीटरवरच. आकृतीत अँकोव्हेटाचे थवे त्याच्या वर काढा, खाली काढलेत तर गुण कापायला मीच येईन.