‘किफायतशीर’ पंखा महाग कसा?

पानगळ
एका ऑनलाइन दुकानासाठी घरगुती वस्तूंची वर्णनं मराठीत करते आहे. छताच्या एका पंख्याला इंग्रजीत ओळीने तीन विशेषणं लावली आहेत: अफोर्डेबल, इकॉनॉमिकल, बजेट-फ्रेंडली. मी लिहिलं, ‘स्वस्त, किफायतशीर आणि खिशाला परवडणारा’. तपासणाऱ्या बाईंनी ‘स्वस्त’ उडवलं, का तर माल हलका वाटतो. ‘किफायतशीर’वर शेरा आला की पंखा महाग आहे, गिऱ्हाईक शिव्या देईल. मला ‘स्वस्त’मध्ये काही वावगं वाटत नाही. तुम्ही काय लिहाल?

झब्बू
‘स्वस्त आणि मस्त’. विषय संपला.

नेमस्त
झब्बूशेठ, ते बोलायला ठीक आहे. पण ‘स्वस्त’च्या पाठीला ‘मस्त’ लावावं लागतं, यातच आलं सगळं.

पानगळ, हा पंखा बीएलडीसी मोटरचा आहे का? असेल तर बाईंचा शेरा चुकीचा आहे. साधा पंखा पूर्ण वेगावर साधारण 75 वॅट खातो, हा 30च्या आसपास. रोज बारा तास चालवलात तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. युनिटला 8 रुपये धरा, म्हणजे 130 रुपयांच्या आतबाहेर. साध्यापेक्षा दीड हजार जास्त मोजले असतील, तर बाराही महिने चालणाऱ्या घरात ते वर्षभरात वसूल. थंडीत बंद ठेवत असाल तर आणखी काही महिने लागतील. हा पंखा स्वस्त नाही, पण किफायतशीर नक्की आहे. उलट साधा पंखा स्वस्त आहे आणि किफायतशीर नाही.

‘स्वस्त’ फक्त दुकानातल्या किमतीबद्दल बोलतो, ‘किफायतशीर’ वापरातल्या हिशेबाबद्दल. ‘परवडणारा’ तर वस्तूबद्दल बोलतच नाही, तो घेणाऱ्याबद्दल बोलतो. म्हणून ‘कोणाला?’ हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो.

पानगळ
हो, बीएलडीसीच आहे. पण मग एकाच पंख्याला अफोर्डेबलही म्हणायचं आणि इकॉनॉमिकलही?

नेमस्त
ते कंपनीला विचारा. जाहिरातवाल्यांना तिन्ही हवे असतात.

उसाचा_फड
आमच्याकडं किफायतशीर म्हटलं की भाव चढा पाहिजे, उतरता नव्हे. एफआरपी म्हणजे काय? ‘रास्त आणि किफायतशीर दर’. 2009 पासून हेच चाललंय. त्यातला किफायतशीर म्हणजे ऊस पिकवणाऱ्याच्या पदरात दोन पैसे पडतील असा. गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारा असा अर्थ काढला तर कारखानदार खूश होतील.

तुमच्या पंख्याला किफायतशीर म्हटलं तर मी विचारणार, कोणाला, विकणाऱ्याला का?

नेमस्त
बिनतोड. मोलस्वर्थच्या कोशातही किफायतला नफा हा अर्थ आहे. अरबीत मूळ अर्थ ‘पुरेसं असणं’. त्यातून ‘भागणं’, मग ‘बचत’ आणि ‘फायदा’ असे दोन फाटे फुटले असावेत. गंमत म्हणजे ‘परवडणं’ही तसंच दुतोंडी आहे. गिऱ्हाईक म्हणतं ‘एवढं परवडत नाही’, आणि दुकानदारही म्हणतो ‘या भावात द्यायला परवडत नाही’. दोघं एकच क्रियापद वापरून घासाघीस करतात.

तत्सम
रास्त फारसी, वाजवी आणि माफक अरबी, किफायत अरबी. आपल्या भाषेत स्वतःचं काही उरलंय की नाही? ‘मितव्ययी’ घ्या, ‘अल्पमोली’ घ्या. ‘अल्पमोली बहुगुणी’ ही तर आपली जुनी, जिभेवरची जोडी. आणि ‘स्वस्त’ हा शब्द ‘स्वस्ति’वरून आला आहे. त्यात मांगल्य आहे! हलकेपणा तुमच्या मनात आहे.

झब्बू
मितव्ययी पंखा. स्वतः भाजी आणायला जातो आणि कोथिंबीर फुकट मागतो.

नेमस्त
झब्बू बरोबर बोलतोय. मितव्ययी, काटकसरी ही माणसाची विशेषणं. ‘अल्पमोली बहुगुणी’ मात्र खरंच छान आहे, फक्त वीस रुपयांच्या लिंबू-पिळणीला शोभेल, चार आकडी पंख्याला नाही.

‘स्वस्ति’ मला पटत नाही. ‘महाग’ आला महार्घवरून. त्याचा जोडीदार समर्घ, त्यावरून ‘सवंग’. गुजरातीत आजही मोंघुं-सोंघुं अशी जोडी सुखाने नांदते. आपल्याकडेही महागाईला सवंगाई होती. नंतर सवंग लोकप्रियता, सवंग विनोद असं करत करत शब्द बाजारातून उठला आणि समीक्षकांच्या घरी राहायला गेला. आज ‘सवंग पंखा’ लिहून बघा.

मांडवीकाठ
गोंयांत सवाय म्हणजे स्वस्त, अजूनही. मासळीबाजारात ‘आज बांगडे सवाय’ ऐकलं की पाय आपोआप वळतात. त्यात कमीपणा काही नाही. पुण्याच्या आमच्या वहिनी मात्र सवंग शब्द नाक मुरडूनच उच्चारतात.

तत्सम
मग सवंग परत आणा! शब्द वापरल्याशिवाय रुळत नाहीत.

उसाचा_फड
आणा की. पंखा विकला गेला नाही तर नुकसान तुम्ही भरा.

पानगळ
मंडळी, माझे तीन रकाने तसेच आहेत. ‘माफक’ चालेल का? बाईंनी सुचवलंय, ‘माफक पंखा’.

नेमस्त
अजिबात नाही. माफक, वाजवी, रास्त हे दराला लागतात, वस्तूला नाही. ‘माफक दरात डबे मिळतील’, ‘वाजवी दरात शिवणकाम’. माफक पंखा म्हणजे जेमतेम वारा देणारा वाटेल. त्यातही ‘रास्त’ लिहिलं की रास्त भावाचं दुकान आठवतं आणि हातात पिशवी आल्यासारखी वाटते.

मी विशेषणं सोडून वाक्य लिहिलं असतं: ‘वाजवी किमतीत. वीजबिलात बचत.’ बजेट-फ्रेंडलीचा रकाना गाळावा. तो वेगळं काही सांगत नाही.

पानगळ
रकाना रिकामा सोडता येत नाही, फॉर्म पुढे जात नाही. आणि ‘वीजबिलात बचत’ खाली वेगळ्या ओळीत आहेच.

मीनाक्षी_ठाणे
‘बजेटमध्ये बसणारा’ लिहा ना. आमच्या सोसायटीत सगळे तसंच बोलतात. ‘परवडणारा’ मात्र नको. ‘परवडणारी घरे’ऐकून ऐकून त्या शब्दावरचा विश्वास उडालाय. जीएसटीच्या हिशेबात 45 लाखांपर्यंतचं घर परवडणारं, आणि ठाण्यात त्या पैशात काय मिळतं ते आम्ही दोघांनी रविवारी रविवारी हिंडून पाहिलंय.

तत्सम
‘बजेट’ हा मराठी शब्द नव्हे.

मीनाक्षी_ठाणे
काका, पंख्याच्या खोक्यावर ‘अंदाजपत्रकस्नेही’ छापून आणा, मी दोन घेते.

पानगळ
‘बजेटमध्ये बसणारा’ बाईंना आवडलं. ‘किफायतशीर’ ठेवलंय, पुढे ‘वीज वाचवणारा’ जोडून. ‘अफोर्डेबल’वर अजून अडलेय. त्यांना ‘खिशाला’ शब्द ग्राम्य वाटतो.

उसाचा_फड
खिसा ग्राम्य? पैसे ठेवतात कुठं त्या?

वाराघर
सगळं वाचलं. आमच्याकडे बीएलडीसी पंखा लावला, पण जुना रेग्युलेटर तसाच ठेवला, तर पंखा मधेच बंद पडतो आणि घूंऽ असा आवाज येतो. हे किफायतशीर आहे का?

नेमस्त
बहुतेक बीएलडीसी पंख्यांना भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही. ते रिमोटवर चालतात. पंख्यासोबतचा कागद बघा आणि इलेक्ट्रिशियनकडून रेग्युलेटर काढून वायर थेट जोडून घ्या. तोवर निदान पाचवर ठेवा.

वाराघर
रिमोट सापडत नाहीये.

झब्बू
नवा घ्या. स्वस्त आणि मस्त मिळतो.