स्कोपच ठरलेला नसताना पहिल्या बैठकीत काय बोलायचं?

सावदेकर: आमच्या शेतकरी कंपनीने केळी निर्यातीचं काम हाती घेतलंय, दीड-दोन वर्षं तरी चालेल. शेतीवाले, पॅकहाउस, हिशेब, कॉम्प्युटर, विक्री अशी सगळी माणसं एकत्र आहेत. शीतगृह बांधायचं की भाड्याने घ्यायचं, हेच अजून ठरलेलं नाही. सोमवारी प्रमुख म्हणून मला बोलायचंय. अध्यक्ष म्हणतात, उत्साह भरा, अडचणी काढू नका. काय करू?

तापीकाठ: अध्यक्षांचं ऐकू नका. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. ते कधी कळेल, कशावरून कळेल आणि शेवटी कोण ठरवेल, हेही सांगा. शीतगृहाचंच घ्या. मी असं बोललो असतो:

"यंदाचा माल भाड्याच्या शीतगृहातून जाईल. स्वतःचं बांधायचं की नाही, हे आज मलाही माहीत नाही. त्यासाठी दोन गोष्टी मोजाव्या लागतील. घड कापल्यापासून पेटी तेरा-चौदा अंशांच्या गारव्यात जाईपर्यंत किती तास जातात, ही एक. आणि शंभर घडांतल्या किती फण्या निर्यातीत बसतात, ही दुसरी. तासांची वही पॅकहाउसने ठेवायची, फण्यांची शेतीवाल्यांनी. जानेवारीअखेर दोन्ही वह्या संचालक मंडळापुढे जातील आणि निर्णय मंडळ घेईल. तोवर बांधकामाचं कोटेशन कोणी मागवायचं नाही."

ते शेवटचं वाक्य विसरू नका. काय करायचं नाही हे सांगितलं नाही, तर उत्साही माणूस मंगळवारीच ठेकेदाराला घेऊन येतो.

धुळ्याचा ठेकेदार: हे ऐकून माणसं म्हणतील, साहेबालाच ठाऊक नाही तर आम्ही कशाला झिजू? मी साइटवर माणसं सांभाळतो. मजुराला तारीख लागते. तारीख द्या, पुढे सरकली तर सरकली. पॅकहाउसमध्ये फण्या धुणाऱ्या बाया रोजंदारीवर येतात. त्यांना काय "जानेवारीत बघू" सांगणार?

तापीकाठ: बायांचं बरोबर आहे, त्यांना यंदाच्या हंगामाचं काम पक्कं सांगायलाच हवं. ते पक्कंच आहे, माल जाणारच आहे. पण अंदाजाने फेकलेली तारीख त्या खोलीत राहत नाही भाऊ. हिशेबवाला ती कर्जाच्या कागदात लिहितो, विक्रीवाला गिऱ्हाइकाला कळवतो. मग सरकवायची म्हटली की दोन्हीकडे खोटं पडावं लागतं. म्हणून काम कधी संपेल याची तारीख नको, निर्णय कधी होईल याची द्या.

यावलची लेक: मी अशाच एका कामात हिशेबाला होते (नाव नको). "खर्चाची काळजी करू नका" असं पहिल्याच भाषणात ठणकावून सांगितलं होतं. चौथ्या महिन्यात प्रत्येक बिलावर सही मागायला लागले. सावदेकर, पैशाचं एक वाक्य बोलाच. जानेवारीपर्यंत किती रक्कम, आणि त्यापुढे कोणाची सही.

भडगावकर: नारळ अध्यक्षांच्या हातून फोडा. सूत्रसंचालनाला शाळेतले गुरुजी बोलवा, आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळ आधीच मोजून ठेवा, आमच्याकडे एक कमी पडली होती.

धुळ्याचा ठेकेदार: घ्या! भडगावकर, तो समारंभ नाही, कामाची बैठक आहे. मात्र नारळ फोडाच, त्याशिवाय खानदेशात काम सुरू झालंय असं कोणाला वाटत नाही.

सावदेकर: बोलल्यावर कळणार कसं की सगळ्यांना एकच समजलं? मान सगळेच हलवतात.

तापीकाठ: माना बघूच नका. शेवटी प्रत्येकाला एकच विचारा: उद्या सकाळी तुम्ही काय सुरू करणार? पेटीवरून शेत ओळखता आलं पाहिजे, असं तुम्ही बोलणारच. त्यावर शेतीवाला म्हणेल, शेतकऱ्यांच्या वह्या भरून घेतो. कॉम्प्युटरवाला म्हणेल, कोड छापायचं ॲप बनवतो. विक्रीवाला म्हणेल, गिऱ्हाइकाला प्रमाणपत्र देतो. म्हणजे तीन वेगळी कामं निघाली. ॲप बनेल, पण घड कापला त्या दिवशी कुठल्या बागेचा, हे वहीत लिहिलेलंच नसेल तर कोडमागे काय दाखवणार? तिथल्या तिथे सांगा: आधी वही, ती महिनाभर नीट भरली गेली की मग ॲप. कॉम्प्युटरवाला रुसेल. त्याला बागेत पाठवा, वहीचे रकाने त्यालाच आखू द्या.

यावलची लेक: आणि आकडे वाईट आले तर? काम बंदही होऊ शकतं, हे पहिल्याच दिवशी बोलायचं का?

तापीकाठ: बोलायचं. फण्या बसतच नसतील तर शीतगृह बांधून काय उपयोग?

धुळ्याचा ठेकेदार: इथे मात्र मी हटणार नाही. बंद पडेल हे पहिल्या दिवशी ऐकलं की चांगली माणसं दुसरीकडे काम शोधायला लागतात. ते अध्यक्षांना बंद दाराआड सांगा.

यावलची लेक: आणि जानेवारीत अचानक कळलं तर ती राहतील का?

सावदेकर: शीतगृह रद्द होऊ शकतं, हे सगळ्यांसमोर बोलेन. सगळं कामच बंद पडू शकतं, हे बोलायचं की नाही ते अध्यक्षांशी बोलून ठरवतो. ते सहज हो म्हणतील असं वाटत नाही.